कोरा रकाना

दहा जून १९९६, सोमवार. ठरलेली रक्कम छत्तीस हजार रुपये, बारा-बारा हजारांच्या तीन हप्त्यांत. पहिला हप्ता त्याच दिवशी, दुसरा सहामाहीचा निकाल संगणकावर लागल्यावर, तिसरा वर्षाच्या शेवटी सगळं काम सुरळीत चालल्यावर. हजर माणसं पाच : शाळेचे प्राचार्य, संस्थेचे सचिव, हिंदीचे एक ज्येष्ठ शिक्षक, कार्यालयातले कनिष्ठ लिपिक आणि मी.

शाळा इंदापूर तालुक्यात होती. गावाचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. बारामतीत एसटी स्टँडच्या मागं माझं संगणकावर कामं करून देण्याचं दुकान होतं. त्याआधी नऊ वर्षं मी एका पतसंस्थेत हिशेबाला होते. तिथं संगणक आला तेव्हा शिकायला कुणी तयार नव्हतं म्हणून मला पुण्याला पाठवलं, आणि मी फॉक्सप्रो ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकून आले. पुढं पतसंस्था सोडली आणि दुकान टाकलं. दूध संस्थांची पगारपत्रकं, दोन दवाखान्यांची बिलं अशी कामं होती. शाळेचं काम हे पहिलंच.

शाळेला हवं होतं ते थोडक्यात असं : प्रवेश, फी, हजेरी, परीक्षांचे गुण, निकालपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं एका जागी. संगणक दोन, एक कार्यालयात आणि एक प्राचार्यांच्या खोलीत, मधे तार. प्रोग्राम लिहिणं हा त्यातला सोपा भाग होता. अवघड भाग हा की कुणाला काय पाहता येईल, कुणाला काय भरता येईल आणि कुणाला काय बदलता येईल. पतसंस्थेत मी एक गोष्ट शिकले होते. पावती फाडणारा आणि रोकड मोजणारा एकच असला की आज ना उद्या घोटाळा होतो, माणूस कितीही चांगला असो.

म्हणून मी आधी एक तक्ता केला. डाव्या बाजूला कामं, वरच्या बाजूला पदं : शिक्षक, इयत्ताप्रमुख, लिपिक, प्राचार्य. इयत्ताप्रमुख म्हणजे एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांचे सगळ्या विषयांचे गुण गोळा करून त्यांचा मेळ घालणारा शिक्षक. नववीचे प्रमुख हे हिंदीचे सरच होते. चौकटींत मी चार अक्षरं वापरली. पा म्हणजे पाहणे, भ म्हणजे भरणे, त म्हणजे तपासणे, मं म्हणजे मंजूर करणे. प्रवेशाच्या ओळीत लिपिकाला भ आणि प्राचार्यांना मं. फीच्या ओळीत लिपिकाला भ, शिक्षकाला काहीच नाही. आणि गुणांच्या ओळीत लिपिकाला भ, विषय शिक्षकाला त, प्रमुखाला मेळ घालण्याचा त, प्राचार्यांना मं.

हा तक्ता शिक्षकांच्या सभेत ठेवला आणि तिथून सगळं बिनसलं.

गुणांच्या ओळीत लिपिकाच्या रकान्यात भ बघून हिंदीचे सर उभे राहिले. वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज मोठा, आणि शाळेत त्यांच्यापेक्षा जुनं कुणी नव्हतं. ते म्हणाले, गुण देणं हा शिक्षकाचा अधिकार आहे, तो कार्यालयाच्या हातात देणार असाल तर उद्यापासून पेपरही भाऊसाहेबांकडूनच तपासून घ्या. आमच्याकडं लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. त्यात मान असतो, पण सरांनी तो शब्द असा उच्चारला की सभेत हसू पिकलं. मी सांगायचा प्रयत्न केला की गुण देणं वेगळं आणि दिलेले गुण यंत्रात टिपणं वेगळं. सरांनी मला विचारलं,

"मॅडम, तुमच्या दुकानाच्या किल्ल्या तुम्ही झाडूवाल्याकडे देता का?"

मी म्हटलं, "देते. सकाळी उघडायला. गल्ल्याची देत नाही."

यावरही हसू पिकलं, पण मत बदललं नाही. मग मी विचारलं की गुण शिक्षक स्वतः भरणार का. बत्तीस शिक्षकांपैकी एकानंही स्पष्ट हो म्हटलं नाही. एक जण म्हणाले, आम्ही टायपिंगला लागलो नाही. दुसरे म्हणाले, अधिकार आमचा राहू द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ. प्राचार्यांनी लाल पेन घेतलं आणि लिपिकाच्या रकान्यातला भ खोडला. तो भ शिक्षकाच्या रकान्यात गेला. आता शिक्षकच भरणार आणि शिक्षकच तपासणार. मी म्हटलं, हे बरोबर नाही. प्राचार्य म्हणाले, शाळा आम्ही चालवतो. सभेचा ठराव झाला, खाली सह्या झाल्या, आणि लिपिकाचा तो रकाना कोरा राहिला.

प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. हिंदीच्या सरांना शिक्षक म्हणून आणि प्रमुख म्हणून अशा दोन भूमिका होत्या, पण माणूस एक म्हणून पासवर्डही एक. त्यांनी स्वतःच्या मोटरसायकलचा नंबर ठेवला. तो गावातल्या पेट्रोलवाल्यालाही पाठ होता.

काम सुरू झालं. मी आठवड्यातून एकदा बारामती-इंदापूर गाडीनं जायचे आणि पुढं जीपनं. जुलैतच माझ्या लक्षात आलं की संगणकासमोर कायम एकच माणूस बसलेला असतो, तो म्हणजे कनिष्ठ लिपिक. त्याला टायपिंगची मोठी घमेंड होती. वेगाची परीक्षा पहिल्या नंबरानं पास झाल्याचं त्यानं मला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा सांगितलं होतं. मला कधी पाणी विचारायचा नाही. पण काम करायचा. टेबलाच्या काचेखाली त्यानं बत्तीस शिक्षकांचे बत्तीस पासवर्ड नीट ओळीनं लिहून ठेवले होते. मी प्राचार्यांना दाखवलं. ते म्हणाले, सोय झाली ना? मी ते लिहून द्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला.

या लिपिकाची नेमणूक होऊन दोन वर्षं झाली होती, पण जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची मान्यता अजून आली नव्हती. मान्यता नाही म्हणजे सरकारी पगार नाही. संस्था जे हातावर ठेवील तेवढ्यावर भागवायचं. प्रस्ताव दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा एकाच शेऱ्यासह : पूर्ण वेळ कामाचा भार दिसत नाही. तिसऱ्यांदा डिसेंबरात जाणार होता. त्याच्यासोबत प्राचार्यांचा वर्तणुकीचा शेरा जोडावा लागे. या वेळी परत आला तर जागाच रद्द होणार, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

सहामाही परीक्षा दिवाळीआधी झाली आणि निकाल सुट्टीनंतर लागला. संगणकाचा पहिला निकाल म्हणून सचिवांनी पेढे वाटले. दुसरा हप्ता मला त्याच दिवशी मिळाला. त्यानंतर चार दिवसांनी एका वस्तीवरचे एक गृहस्थ प्रगतिपुस्तक घेऊन कार्यालयात आले. त्यांची मुलगी नववी क मध्ये, हजेरी क्रमांक सतरा. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले,

"पोरगी हिंदीच्या पेपरला काविळीनं दवाखान्यात हुती. एकसष्ट मार्क पडल्यात. आजारी पडल्यावर एवढं, तर बरी असल्यावर किती पडतील, तेवढं सांगा."

त्याच दुपारी दुसरे गृहस्थ आले. त्यांचा मुलगा त्याच तुकडीत शेवटचा, क्रमांक चव्वेचाळीस. त्यानं पेपर दिला होता, बाहत्तर गुणांची उत्तरपत्रिका त्याच्या हातात होती, आणि निकालात तो गैरहजर. हे गृहस्थ शालेय समितीचे सदस्य होते. ते शांतपणे बोलले नाहीत.

मला बोलावणं आलं. काय झालं ते समजायला अर्धा तास पुरला. हिंदीच्या सरांची वर्षानुवर्षांची एक पद्धत होती. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा क्रमानं लावायचा आणि कागदावर नुसते गुण एकाखाली एक लिहायचे, क्रमांक न घालता. जो पेपरला बसला नाही त्याचा पेपर गठ्ठ्यात नसतो, म्हणून त्याची ओळही नाही. जुन्या पद्धतीत हे चालत होतं, कारण निकालपत्रक लिहिताना सर स्वतः समोर बसून नाव घेऊन गुण वाचायचे आणि दुसरा शिक्षक लिहून घ्यायचा. सतरा आला की सर म्हणायचे, ही नव्हती, आणि लिहिणारा रेघ मारायचा. कागदात जे नव्हतं ते वाचणाऱ्याच्या डोक्यात होतं.

आता वाचणारा उरला नव्हता. लिपिकानं कागद शेजारी ठेवला आणि पडद्याकडं न बघता भराभर त्रेचाळीस आकडे मारले. अठराचे गुण सतराला गेले, एकोणिसाचे अठराला, आणि असं होत होत शेवटचा चव्वेचाळीस कोरा राहिला. माझ्या प्रोग्रामनं कोऱ्या जागेला गैरहजर धरलं. कागदाच्या तळाशी सरांनी बेरीज लिहिली होती, दोन हजार एकशे सात. पडद्यावरची बेरीज दोन हजार एकशे सात. बेरीज जुळली. सतरापासून त्रेचाळीसपर्यंतचे सत्तावीस जण दुसऱ्याचे गुण घेऊन घरी गेले आणि त्यांत पाच जण विनाकारण नापास झाले.

बेरीज जुळली म्हणजे काही हरवलं नाही एवढंच कळतं. प्रत्येक आकडा आपापल्या जागी आहे हे बेरीज सांगत नाही. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. तक्त्यात तो दुसरा माणूस होता, तिसराही होता. भरणारा शिक्षक, छापील प्रत घेऊन तपासणारा शिक्षक, मेळ घालणारा प्रमुख. पण सरांचा विषय हिंदी, आणि नववीचे प्रमुखही सर. म्हणजे तिन्ही कुलपांना एकच किल्ली, आणि ती मोटरसायकलच्या नंबरात. लिपिकानं भरले, त्याच पासवर्डवर तपासले असं दाबलं, त्याच पासवर्डवर मेळ झाला असं दाबलं. एकूण वेळ सहा मिनिटं. यंत्राच्या नोंदीत तीनदा हिंदीच्या सरांचं नाव.

सहा डिसेंबरला, शुक्रवारी, प्राचार्यांच्या खोलीत बैठक बसली. तेच पाच जण, जे जूनमध्ये होते. फरक एवढाच की या वेळी लिपिकाला बसायला सांगितलं नाही.

प्राचार्यांनी आधीच एक अहवाल तयार ठेवला होता. त्यांनी तो वाचून दाखवला. लिपिकाने कोणताही अधिकार नसताना परस्पर गुण भरले, निष्काळजीपणे भरले, त्यामुळे संस्थेची बदनामी झाली. हा अहवाल मान्यतेच्या प्रस्तावासोबत जाणार होता. पुढं काही बोलायची गरजच नव्हती. तो कागद पुण्याला पोहोचला की लिपिकाची जागा गेली.

हिंदीचे सर खिडकीकडं बघत म्हणाले, "मी आकडे लिहून दिले. टाइप कुणी केलं, मला काय माहीत."

लिपिक म्हणाला, "पासवर्ड कुणी दिला, सर? गाडीचा नंबर मी स्वप्नात बघितला का?"

"तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमीच. चहा पीत पीत. बेरीज जुळली की झालं, म्हनला."

प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला नाही. ते तसे आपटणारे नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "तुझं घराणं मेंढरं राखणारं. तेच केलं असतंस तर बरं झालं असतं. निदान मोजणी तरी आली असती."

लिपिकाचा बाप खरंच तेव्हाही मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला जायचा. खोलीत सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. लिपिकाचे कान लाल झाले. तो म्हणाला,

"मोजणी बराबर हुती, सर. मेंढरू एकबी कमी न्हवतं. आपलं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं, ते वळखायला मालक यावा लागतो. मालक आलाच न्हाय."

सचिव हसले. ते बागाईतदार होते, टोमॅटो आणि काकडी पुण्याच्या बाजाराला पाठवायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांना संगणकात काही रस नव्हता. पण कुणाचा माल कुणाच्या नावावर लागला या गोष्टीत फार होता. प्राचार्यांनी त्यांच्या हसण्याकडं दुर्लक्ष केलं आणि माझ्याकडं वळले. यंत्रात त्या तीन नोंदींवर सरांचं नाव आहे, ते काढून लिपिकाचं घाला, म्हणाले. खरं तेच होईल, कारण टाइप त्यानंच केलंय. आणि दुसरं, यापुढं प्राचार्यांच्या पासवर्डला सगळं उघडलं पाहिजे, कुणाचेही गुण पाहता आणि बदलता आले पाहिजेत. हे दोन बदल झाले की तिसरा हप्ता.

त्यांची दुसरी मागणी अगदीच वेडगळ नव्हती. ते म्हणाले, "निकालावर सही माझी. उद्या पालक कोर्टात गेला तर पिंजऱ्यात मी. जबाबदारी सगळी माझी आणि हात माझेच बांधायचे?" मला हे पटण्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोलले. पण सही करणाऱ्यानंच आकडा बदलला तर त्या सहीला किंमत राहत नाही. पाहण्याचा अधिकार सगळा घ्या, म्हटलं. परत पाठवण्याचा घ्या, अडवून ठेवण्याचा घ्या. बदलण्याचा नाही. ते म्हणाले, हे तुम्ही ठरवणार? मी म्हटलं, तुमचं जनरल रजिस्टर ठरवतं. प्रवेशाच्या त्या वहीत मुलाची जन्मतारीख चुकली तर तुम्ही तरी खोडून नवी लिहिता का? जुनी दिसेल अशी रेघ मारता, लाल शाईनं नवी लिहिता, कुणाच्या आदेशानं ते लिहिता आणि मग सही करता. गुणांना त्याहून कमी मान का?

ते पहिल्या मागणीवर परतले. नाव बदला.

मी पिशवीतून जूनचा तक्ता काढला. लाल पेनानं खोडलेला भ, खाली ठराव, खाली सह्या. मी म्हटलं,

"नाव बदलायचं तर दोन रस्ते आहेत. यंत्र ज्याला अधिकार नाही त्याच्या नावावर नोंद घेत नाही. तेव्हा भाऊसाहेबांचं नाव घालायचं तर त्यांना तो अधिकार ऑक्टोबरात होता असं दाखवावं लागेल. तो असेल तर त्यांनी परस्पर काही केलं नाही. आणि तो नसेल तर नोंद सरांचीच राहते, मग भरलं सरांनी. अहवालातलं पहिलं वाक्य दोन्हीकडून खोटं पडतं. मी जुन्या नोंदीला हात लावणार नाही, हा तिसरा मुद्दा."

सचिवांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर करून लाल खुणेकडं बघितलं आणि प्राचार्यांना विचारलं, "ही फुली कुणाची?"

प्राचार्य म्हणाले, सभेची.

"पेन सभेच्या हातात हुतं व्हय?"

मग सचिव सरांना म्हणाले की सर, तुमी आडत्या हाय. गाळा तुमचा, विक्रीची पट्टी तुमची, पन वजन हमालानं करायचं, आनि वजन चुकलं की हमाल चोर. आमच्या बाजारात असं करणाऱ्याच्या गाळ्यावर दुसऱ्या दिवशी गाडी लागत न्हाय. सर उठून निघाले. दारापाशी थांबून माझ्याकडं बघून म्हणाले, "बाहेरून आलेल्या बायकांनी शाळा शिकवायची वेळ आली." बत्तीस शिक्षकांतल्या अकरा बाया होत्या, आणि त्यांतल्या नऊ बाहेरगावाहून येत होत्या.

त्या दुपारी दुसरा तक्ता झाला. तो माझ्या जूनच्या तक्त्यासारखाच, पण तीन कलमं वाढवली. एक, गुण भरणं हे लिपिकाचं काम, त्याच्या स्वतःच्या नावानं आणि त्याच्या स्वतःच्या पासवर्डनं. शिक्षकाच्या कागदावर हजेरी क्रमांक नसेल तर त्यानं तो कागद घ्यायचाच नाही. दोन, भरल्यावर छापील प्रत निघेल, ती विषय शिक्षकानं पेपरांशी ताडून सही करायची आणि मगच त्याच्या पासवर्डवर कुलूप लागेल. ज्यानं भरलं त्याला तपासता येणार नाही, आणि प्रमुखाला स्वतःच्या विषयाचा मेळ घालता येणार नाही, तो दुसऱ्या इयत्तेच्या प्रमुखानं घालायचा. तीन, कुलूप लागल्यावर दुरुस्ती करायची तर विषय शिक्षकानं कारण लिहून मागायची आणि प्राचार्यांनी मंजूर करायची. जुना आकडा पुसला जाणार नाही, शेजारी राहील. शिवाय कोरी जागा म्हणजे गैरहजर हे मी काढून टाकलं. गैरहजर असेल तर तसं अक्षर भरावं लागेल, कोरं राहिलं तर यंत्र पुढं जाणार नाही.

लिपिक हे सगळं उभ्यानं ऐकत होता. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, "म्हंजी इथनं पुढं चुकलं तर माझंच नाव."

"हो."

"बत्तीस जणांची चूक एकट्याच्या गळ्यात."

"तुमची तुमच्या गळ्यात. त्यांची त्यांच्या."

त्याला ते आवडलं नाही. पण तो सचिवांकडं वळून म्हणाला, तात्या, काम माझं म्हनता तर मग कामाच्या वाटपात लिवा. शाळेत दरवर्षी कामवाटपाचा एक कागद निघतो, कुणाकडं कोणतं काम ते त्यात असतं, आणि मान्यतेच्या प्रस्तावासोबत तोही जातो. लिपिकानं बोटावर मोजून सांगितलं : अठरा तुकड्या, वर्षात चार परीक्षा, प्रत्येकीचे सगळे विषय. पूर्ण वेळ काम दिसत नाही असा शेरा होता ना? मग आता दिसू द्या.

प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. सचिव म्हणाले, आत्ता लिवा. प्राचार्यांनी कागद ओढला आणि लिहिलं : सर्व परीक्षांची गुणनोंद, कनिष्ठ लिपिक. मग सचिवांनी तो अहवाल मागून घेतला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातला. फाडला नाही. प्राचार्यांच्या लक्षात राहावं म्हणून ठेवला असावा. वर्तणुकीच्या शेऱ्यात "समाधानकारक" एवढा एकच शब्द आला. चांगली असं लिहायला प्राचार्यांचा हात उचलला नाही.

त्या दिवसानंतर शाळेत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. शिक्षकांना प्रती तपासून सह्या कराव्या लागत होत्या, त्याचा राग माझ्यावर. हिंदीच्या सरांनी कागदावर क्रमांक घालायला सुरुवात केली, पण इतक्या बारीक अक्षरात की लिपिकानं पहिला कागद न वाचता येण्याजोगा म्हणून परत केला, दुसराही केला. सरांनी तिसरा कागद टेबलावर टाकला. एकेक आकडा दोन बोटं उंच होता, चार पानं भरली होती. लिपिकानं ते मुकाट्यानं भरले, प्रत काढली आणि सरांच्या तासाला वर्गात नेऊन मुलांसमोर सही मागितली. मला दोघांचंही कौतुक वाटलं नाही. पण पुढच्या चाचणी परीक्षेत नववीचा एकही गुण दुसऱ्याच्या घरी गेला नाही.

लिपिकाची मान्यता मार्चमध्ये आली. मला ती त्यानं सांगितली नाही, शिपायाकडून कळली. मी अभिनंदन केलं तेव्हा तो म्हणाला, "प्रिंटरची रिबन संपलीय. तेवढं बघा."

तिसऱ्या हप्त्यासाठी मी तीन चकरा मारल्या. प्राचार्यांचं म्हणणं, काम अपुरं आहे, प्राचार्यांची भूमिका मागणीप्रमाणे केलेली नाही. घरी आमचे हे म्हणाले, एक अक्षर बदलून दे आणि पैसे घेऊन ये, तुझी शाळा आहे का ती? मी म्हटलं, शाळा माझी नाही, तक्ता माझा आहे. चौथ्या चकरेला कळलं की इंदापूरचा एक मुलगा येऊन काम पुरं करून गेला. त्यानं काय केलं ते मी दोन मिनिटांत पाहिलं. प्रोग्राम त्याच्याकडं नव्हता, पण फॉक्सप्रोतल्या माहितीच्या फायली ज्याला उघडता येतात त्याला त्या उघड्याच असतात. वापरणाऱ्यांच्या यादीत प्राचार्यांच्या नावापुढं भूमिकेचा आकडा चार होता, तो त्यानं नऊ केला. नऊ म्हणजे यंत्र बसवताना मी माझ्यासाठी ठेवलेली भूमिका, जिला सगळं उघडतं. नऊ नंबरानं केलेल्या बदलाचीही नावासकट, तारखेसकट नोंद होते. ते त्या मुलानं पाहिलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नाही.

एकतीस मार्च १९९७, सोमवार. तिसऱ्या हप्त्यातून मला साडेसात हजारांचा धनादेश मिळाला. उरलेले साडेचार हजार प्राचार्यांच्या भूमिकेतील त्रुटी दूर करण्याबद्दल, या मथळ्याखाली, इंदापूरच्या त्या मुलाला दिले.